बीजगणित आणि भूमितीच्या मधला एक दिवस



बक्षीस समारंभाची वेळ माझ्यामुळे लांबू नये, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. दहावीची मुलं मागच्या रांगेत बसली आहेत. स्नेहसंमेलन संपलं की पुढे पूर्वपरीक्षा आणि मग बोर्ड. मी डॉक्टर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या दवाखान्यात पोट दुखणारी, उलट्या होणारी, हातपाय गार पडलेली बरीच मुलं येतात. तपासून पाहिलं तर आजार काही नसतो, पेपर असतो.

त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. २०२५ ची परीक्षा आठवा. बीजगणित ५ मार्चला, बुधवारी होतं आणि भूमिती ७ मार्चला, शुक्रवारी. बुधवारी बीजगणिताचा पेपर देऊन ती आईबरोबर सरळ दवाखान्यात आली. तिचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. ती म्हणाली, "डॉक्टर, येत होतं ओ सगळं. पेपर हातात आला आणि पुसून गेलं." मी विचारलं, काल रात्री काय केलंस? तर दोन वाजेपर्यंत गाइडमधली सोडवलेली गणितं वाचली. पाच वाजता उठून पुन्हा तीच वाचली. मधे दोनदा चहा.

आता यात बिघडलं कुठे? सोडवलेलं गणित वाचताना पुढची पायरी समोरच छापलेली असते, म्हणून आपल्याला ते 'येतंय' असं वाटतं. पेपरात ती पायरी छापलेली नसते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे नुसत्या वाचनाने येणारा विश्वास फसवा असतो, आणि तो नेमका परीक्षागृहात उघडा पडतो.

त्या मुलीच्या हातात अजून दीड दिवस होता. आम्ही तिथेच कागदावर वेळापत्रक मांडलं. पहिली अट ही, की बीजगणिताची उत्तरं कुणाशीही ताडून पाहायची नाहीत. घरी जाऊन जेवायचं आणि अर्धा तास पडायचं. त्याहून जास्त नाही, नाहीतर रात्रीची झोप उडते. भूमितीची प्रकरणं सात. ज्यांची धास्ती सर्वांत जास्त, ती आधी घ्यायची. तिची दोन होती, वर्तुळ आणि त्रिकोणमिती. बुधवारी संध्याकाळी ती दोनच. गुरुवारी सकाळी समरूपता, पायथागोरस आणि निर्देशक भूमिती, दुपारी महत्त्वमापन आणि रचना. संध्याकाळी दोन तासांचा एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवायचा आणि चुकलेलं तेवढंच पुन्हा करायचं.

प्रत्येक प्रकरणाची रीत एकच ठेवली. पुस्तक मिटायचं. कोऱ्या पानावर त्या प्रकरणातली प्रमेयं आणि सूत्रं आठवतील तशी लिहायची. अडलं तरी दोन-तीन मिनिटं झगडायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं आणि त्यावरची दोन गणितं उत्तर न बघता सोडवायची. चाळीस-पन्नास मिनिटांनी उठून दहा मिनिटं अंगणात फिरायचं, मोबाइल न घेता. लाल शाईचं पान पाहून ती घाबरली. मी म्हटलं, हे लाल आज घरी दिसतंय ते बरंच आहे, आता नेमकं काय करायचं ते तुला कळलं.

दुसरी गोष्ट झोपेची. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर आठवून लिहिलेलं झोपेतच पक्कं बसतं. शिवाय कमी झोपलेल्या मेंदूला चार पायऱ्यांचं गणित डोक्यात धरून ठेवणं जड जातं. म्हणून चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद, कारण त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-एक तासांनीही रक्तात असतो. रात्री साडेनऊला वह्या मिटायच्या, दप्तर भरायचं, कंपास आणि प्रवेशपत्र पाहून ठेवायचं, दहाला दिवा बंद. झोप आली नाही तरी पुस्तक उघडायचं नाही, डोळे मिटून पडून राहायचं. एखादी रात्र थोडी कमी झोप झाली म्हणून पेपर बिघडत नाही. ओळीने चार-पाच रात्री कापल्या तर बिघडतो.

तिसरी गोष्ट, परीक्षागृहातला अर्धा तास. साडेदहाला जागेवर बसायचं असतं. पूर्वी अकराच्या आधी दहा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला मिळायची. २०२३ पासून ती दहा मिनिटं पेपरच्या शेवटी मिळतात. म्हणजे अकरापर्यंत हातात पेपर नाही, पुस्तक नाही, छाती धडधडतेय. तेव्हा कुणीतरी सांगतं, मोठे श्वास घे. मूल भराभर मोठे श्वास घेतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि ते आणखी घाबरतं.

श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकाने मनात चार मोजेपर्यंत आत घ्या, सहा मोजेपर्यंत बाहेर सोडा. बाहेर सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून तो भाग लांबवायचा. एवढं पाच मिनिटं. सोबत, बाकाखाली दोन्ही मुठी पाच आकडे घट्ट आवळा आणि एकदम सैल सोडा, असं तीन-चार वेळा. पण पहिल्यांदाच परीक्षागृहात करून पाहाल तर जमणार नाही. आजपासून रोज रात्री अंथरुणावर करा, म्हणजे त्या दिवशी शरीराला ते ओळखीचं असेल. धडधड पूर्ण थांबणार नाही आणि थांबायचीही गरज नाही. पेन हातात धरता आलं की पुरे. मग सर्वांत सोपा प्रश्न आधी सोडवा.

ती मुलगी शुक्रवारी संध्याकाळी सांगायला आली. रचनेचा एक प्रश्न राहिला होता, बाकी पेपर पूर्ण लिहिला होता. 'पुसून गेलं' हा शब्द मात्र निघाला नाही.

याने सगळ्यांचंच भागतं असं नाही. दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न नव्हे. त्याच दिवशी घरी किंवा शिक्षकांना सांगा, नाहीतर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि पालकहो, तुमच्याकडे एकच मागणी. पेपर सुटल्यावर "किती सोडवलास?" असं दारात विचारू नका. ताट वाढा. रात्री दहानंतर घरातला टीव्ही बंद ठेवा. आणि मुलांनी घरात एक वाक्य ऐकू द्या, की एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते. हे वाक्य परीक्षेच्या आधी म्हणा, निकालानंतर नको.

बक्षिसं वाट पाहताहेत.