सकाळच्या पोह्यांचा हिशेब

मंडळी, गरोदरपणातल्या साखरेवर बोला म्हटलं की लोक ‘काय खाऊ नये’ची यादी मागतात. मी आज फक्त घड्याळाबद्दल बोलणार आहे.

समजा, लालबागच्या चाळीतली एक सून. सातवा महिना. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासलं, साखर १४० च्या वर आली. घाबरून ती दुपारचा भात सोडायला निघाली. पण घरी मोजलं तेव्हा उपाशीपोटी ८८, दुपारच्या जेवणानंतर ११६ आणि न्याहारीनंतर १५८. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली हवी, आणि हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. म्हणजे बिघाड दुपारच्या भातात नव्हता, सकाळच्या बशीभर पोह्यांत आणि गोड चहात होता. पहाटेपासून शरीरात जी संप्रेरकं वाढतात, ती इन्सुलिनचा जोर कमी करतात. त्यामुळे तेच पिठूळ अन्न सकाळी जास्त साखर चढवतं.

मग तिची न्याहारी दोन भागांत केली. आठ वाजता मूगडाळीची दोन छोटी धिरडी आणि एक उकडलेलं अंडं, चहा बिनसाखरेचा. साडेदहाला वाटीभर ताक आणि मूठभर फुटाणे. एक वाजता एक ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, छोटी वाटी भात, बाजारात मिळाला तर बांगडा. भाजी-उसळ आधी आणि भात शेवटी खाल्ला तर साखर हळू चढते. जेवण झाल्यावर चाळीच्या गॅलरीत पंधरा मिनिटं चालायचं. चार वाजता पेरू, रस मात्र नाही. चैत्राच्या दिवसांत आंबा सुटत नाही, ठाऊक आहे मला! हापूसची एक छोटी फोड याच वेळी चालेल, जेवणावर आमरस नको.

रात्रीचं जेवण आठला. नवरा दुसऱ्या पाळीहून साडेदहाला येतो म्हणून ती थांबायची; सासूबाईंनी तो शिरस्ता मोडला हे उत्तम झालं. पण आठला जेवून सकाळी आठपर्यंत उपास घडला, तर शरीर चरबी जाळू लागतं आणि लघवीत कीटोन येतात. म्हणून झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध आणि चार बदाम. साखर छान दिसते आहे, पण वजन उतरतंय, तर समजा की बाई उपाशी राहते आहे. एकादशीही नको, साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिठूळपणा.

दोन आठवडे असं नेमानं करूनही उपाशीपोटीची साखर ९५ च्या वर राहिली, तर ताटात आणखी काटछाट करू नये. रात्रभर यकृतच साखर सोडत असतं, तिथं भाकरी कमी करून उपयोग नाही. मग डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतात, आणि ते घ्यावं. डोहाळेजेवणाच्या दिवशी ओटी भरा, गाणी म्हणा. पाच गोड पदार्थांपैकी एकच, तोही जेवणासोबत अर्धा. डिंकाच्या लाडवांचं काय, असं समोरच्या आजी विचारत आहेत. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पाजून तपासणी करायची असते. तोवर डबा वरच्या फळीवर.