औषध लागू पडेपर्यंत

८ एप्रिल २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो दर ४ टक्क्यांवर कायम ठेवला. तेव्हा महागाईचा ताजा आकडा होता फेब्रुवारीचा, ६.०७ टक्के. मार्चचा आकडा चारच दिवसांनी आला, ६.९५ टक्के! पुढची ठरलेली बैठक जूनमध्ये होती. तेवढे थांबणे परवडणार नाही म्हणून समिती मधेच बसली आणि ४ मे रोजी दर ०.४० टक्क्याने वाढला. दुखणे सुरू होणे, ते आकड्यांत उमटणे आणि त्यावर निर्णय होणे यांत जो काळ जातो, तो अंतर्गत विलंब. उपाय कररचनेतून किंवा सरकारी खर्चातून करायचा असेल, तर संसदेची मंजुरी आणि निविदा यांमुळे तो आणखी लांबतो.

निर्णय झाल्यावर बाह्य विलंब सुरू होतो. फेब्रुवारी २०२३पर्यंत रेपो दर ६.५० टक्क्यांवर गेला. नवी गृहकर्जे बहुधा रेपोशी जोडलेली असल्याने त्यांचे व्याज तीन महिन्यांच्या आत बदलते. एमसीएलआरवरच्या कर्जांत मात्र बदलाची तारीख यायला अनेकदा वर्ष लागते. शिवाय व्याज वाढले तरी कित्येकदा बँक हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. मग त्या घरचा महिन्याचा खर्च कमी होणार कसा? मागणी ओसरून दुकानातल्या किमतींवर परिणाम दिसेपर्यंत अनेक तिमाह्या उलटतात, आणि त्या किती हे दर वेळी सारखे नसते.

खरी अडचण इथे आहे. फेब्रुवारी २०२३ची वाढ चार विरुद्ध दोन मतांनी झाली. तोवर केलेल्या वाढीपैकी किती परिणाम होऊन गेला आणि किती वाटेवर आहे, हे कोणी मोजून सांगू शकत नव्हते. परिणाम दिसत नाही म्हणून मात्रा वाढवत गेलो, तर साऱ्या मात्रा एकदम लागू पडतात आणि महागाईबरोबर रोजगारही खाली येतो.

जुलै २०२३मध्ये टोमॅटो कडाडले आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. समितीने दर हलवला नाही. वाढवला असता, तर त्याचा परिणाम नवे पीक बाजारात येऊन गेल्यावर झाला असता. दर न वाढवताही ऑक्टोबरमध्ये महागाई ४.८७ टक्क्यांवर आली.

म्हणजे थांबणे नेहमी शहाणपणाचे का? नाही. २०२२मध्ये सरासरी महागाई सलग तीन तिमाह्या ६ टक्क्यांच्या वर राहिली आणि कायद्यानुसार बँकेला सरकारकडे खुलासा द्यावा लागला. धक्का विलंबापेक्षा आधी ओसरणारा असेल तर थांबावे, त्यापुढे टिकणारा असेल तर लवकर हालावे. पण तो किती टिकेल याचा अंदाज निर्णयाच्या दिवशीच बांधावा लागतो, आणि तोही महिनाभर जुन्या आकड्यांवरून.