दुसऱ्या पाळीचा मोबाइल
(चाकण परिसरातील एका शाळेच्या प्रार्थनासभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाइलवरील खेळांची निंदा करण्यासाठी मी येथे उभा नाही. आमच्या लहानपणी विटीदांडूवरही वडीलमंडळींचा रोष असे. आज मला आपल्यापुढे केवळ एक हिशेब मांडावयाचा आहे, आणि तो या गावांतल्या घड्याळाचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील कारखान्यात पाळ्यांनी कामास जातात. घरात मोबाइल बहुधा एकच, आणि तोही वडिलांच्या खिशात. म्हणजे वडिलांची पाळी तीच मुलाच्या खेळाची पाळी होऊन बसते.

इयत्ता आठवीतील एक मुलगा कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. शाळा सकाळची, म्हणून सहाला उठणे भाग. वडील दुसऱ्या पाळीहून रात्री साडेबाराला घरी येतात. मुलगा जागाच असतो. बॅटलग्राउंड्सचे दोन डाव होतात. शंभर खेळाडू उतरतात, वर्तुळ आकसत जाते आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्याचा एक डाव सुमारे अर्ध्या तासाचा होतो. दीड वाजतो. मन पेटलेले असल्यामुळे आणखी अर्धा तास डोळा लागत नाही. दोनपासून सहापर्यंत झोप झाली चार तास.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राशास्त्रज्ञ सांगतात. आपण मधला नऊचा आकडा धरू. रोजची तूट पाच तास, पाच दिवसांची पंचवीस. तो दुपारी दोन तास झोपतो, ते दहा तास वजा केले तरी पंधरा उरतात. शिवाय लांबलेली दुपारची झोप रात्रीची झोप पुढे ढकलते, आणि गृहपाठाची वेळ नेमकी त्या दुपारीच बुडते. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करीत असतो. त्यामुळे घाईघाईने उतरवून काढलेले गणित दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे आठवत नाही. मुलास वाटते, आपणांस गणित येत नाही. वास्तविक झोपेचेच खाते तुटीत असते.

हे ओळखावे कसे? रविवारी मुलगा शाळेच्या दिवसांपेक्षा दोन-तीन तास उशिरा उठत असेल, अथवा तीच ओळ दोनदा वाचावी लागत असेल, तर तूट आहे असे समजावे. अनेक मोबाइलांच्या सेटिंग्जमध्ये Digital Wellbeing या नावाखाली कोणता खेळ किती वेळ उघडा होता, हेही दिसते. तो आकडा मुलाने आणि वडिलांनी एकत्र बसून पाहावा. चोरून पाहिल्यास त्यातून भांडणच निघते.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वयात येताना शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते, आणि नऊला झोप येत नाही यात मुलाचा सर्वस्वी दोष नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळा सकाळी नऊनंतर भरविण्याचे परिपत्रक काढले, परंतु ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. आठवीच्या मुलास सहाचा गजर चुकला नाही. तेव्हा वेळ दुसऱ्या टोकाकडूनच सोडवावी लागणार.

कोणी म्हणेल, खेळातच मर्यादा आहे. २०२३ च्या मे महिन्यात हा खेळ परतला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा ठरली. पण वडिलांच्या खात्यावर खेळणाऱ्यास ती लागत नाही. आणि मर्यादा किती वेळ खेळावे ते सांगते, केव्हा खेळावे ते नाही.

म्हणून पाळीप्रमाणे वेळ नेमावी. वडील दुसऱ्या पाळीवर असतील तर ते दुपारी अडीचच्या सुमारास निघतात. मुलगा पाऊणला घरी येतो. जेवून एक ते दोन हा तास खेळाचा आणि तीन ते पाच गृहपाठाचा. पहिली पाळी असेल तर वडील साडेचार-पाचला येतात. तोवर गृहपाठ आटपून साडेपाच ते साडेसहा खेळावे. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील दिवसा झोपलेले असतात. तेव्हा मोबाइल आईच्या हाती राहावा आणि वेळ पाचची असावी. रात्री तो स्वयंपाकघरातच चार्जिंगला लावावा, अंथरुणाजवळ नव्हे.

ठरलेल्या वेळेस मोबाइल ठेवणे अवघड का जाते, तेही सांगतो. डाव मध्येच थांबविता येत नाही. सोडला तर बाकीचे तीन सवंगडी अडचणीत येतात, आणि मुलास मैत्रीची लाज वाटते. यास्तव शेवटचा डाव वेळ संपण्याच्या अर्धा तास आधीच सुरू करावा, त्यानंतर नवा डाव उघडू नये. आणि चौघांचे वडील चार निरनिराळ्या पाळ्यांवर असतील, तर मधल्या सुट्टीत एकत्र बसून सर्वांना जमेल अशी आठवड्याची वेळ कागदावर लिहून काढावी. ती पाळी बदलेल तशी दर सोमवारी नव्याने लिहावी लागेल.