तव्याच्या बुडावरची अक्षरं

नॉनस्टिक तव्याचा फोटो पाहून तो कोणत्या कंपनीचा, हे ओळखायचं असेल, तर तवा उपडा करा. अक्षरं पुसट असतील तर त्यावर कोरडी तांदळाची पिठी चोळून वरवर पुसा. कोरलेल्या रेषांत पीठ राहतं आणि अक्षरं पांढरी उठून दिसतात. फोटो काढताना उजेड एका बाजूने, तिरका पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की बूड नुसतं चमकतं.

समजा, बुडावर ‘टेफ्लॉन’ आणि ‘पीएफओए फ्री’ असं दिसलं. इथेच बरेच जण फसतात. टेफ्लॉन हे लेपाचं व्यापारी नाव आहे, तवा बनवणाऱ्याचं नव्हे. बनवणाऱ्याचं नाव दुसरीकडे शोधा. पीएफओए हे पूर्वी लेप तयार करताना वापरलं जाणारं रसायन. ते नाही म्हणजे लेप सिरॅमिकचा, असं नाही; तो पीटीएफईचाच असू शकतो. ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ हे तर खालच्या ॲल्युमिनियमचं वर्णन, लेपाचं नव्हे. आणि वेटोळ्याची खूण फक्त इंडक्शनची.

बुडावर लेपाचं नावच नसेल, तर रंगावरून अंदाज बांधू नका. खोका किंवा मॉडेल क्रमांक शोधा. तोवर तो पीटीएफईचाच समजा आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नका.