चित्राखालची ओळ

सांगलीच्या आयर्विन पुलावर भावासोबत काढलेल्या फोटोखाली गाण्याची ओळ हवी असते, आणि पहिली हाताला लागते ती ‘गीतरामायणा’तली माणसाच्या पराधीनतेची. शेटफळ्याचे गदिमा म्हणजे सांगलीचेच, पण ही ओळ तिथे बसत नाही. चित्रकूटावर भरत वडिलांच्या निधनाची वार्ता घेऊन येतो, तेव्हा राम त्याचं सांत्वन करतो, ते हे गीत. हसऱ्या चेहऱ्यांखाली ते सांत्वन विचित्रच दिसतं!

म्हणून आधी पाहा, गाण्यात कोण कोणाला आणि केव्हा बोलतंय. मग ध्रुपद सोडा. ते सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे वाचणारा थांबतच नाही. दुसरा-तिसरा अंतरा वाचा आणि चित्रात नसलेलं काही सांगणारी ओळ घ्या. फोटोत नदी दिसत असताना ओळीतही नदी कशाला? वाट पाहणं, उशीर, थट्टा असं काही चालेल. साताऱ्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांत भावाविषयी असं पुष्कळ सापडतं. घरातल्या आजीला विचारा.

ओळीखाली कवीचं नाव लिहा. ‘गीतरामायणा’च्या ओळींखाली अनेकदा फक्त सुधीर फडके असतात, चाल त्यांची, शब्द माडगूळकरांचे.