ताब्याची तारीख आणि न आलेली उत्तरे

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, शेगावकडे फ्लॅट घेणारा माणूस बिल्डरविरुद्ध भांडायला निघतो, तेव्हा त्याच्या पिशवीत पत्रांचा गठ्ठा असतो. "इतकी स्मरणपत्रं दिली साहेब, एकाचंही उत्तर नाही." त्याची चीड मला कळते. पण महारेरापुढे या गठ्ठ्याचे काम मर्यादित असते. बिल्डरने उत्तर दिले नाही, हा तुमच्या तक्रारीचा गाभा नव्हे. गाभा आहे नोंदणीकृत करारनाम्यात लिहिलेली ताब्याची तारीख.

रेरा कायदा 2016 चा. आपल्या राज्यातले प्राधिकरण 2017 च्या मे महिन्यापासून काम करते. या कायद्याचे कलम 18 सांगते की करारातल्या तारखेपर्यंत ताबा मिळाला नाही, तर ग्राहकापुढे दोन वाटा आहेत. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागावेत, किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यावे. निवड तुमची, बिल्डरची नव्हे. बाहेर पडणाऱ्याचा परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात स्पष्ट केले.

एक उदाहरण मांडतो, आकडे समजण्यापुरते. तीस लाखांचा फ्लॅट, ताबा 31 डिसेंबर 2022, आणि त्या दिवसापर्यंत वीस लाख भरलेले. व्याजाचा दर आपल्या नियमांनुसार स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर दोन टक्के असतो. तो अकरा धरू. वर्षाला दोन लाख वीस हजार, म्हणजे महिन्याला अठरा हजारांच्या वर. जून 2025 अखेर तीस महिन्यांचे साडेपाच लाख झाले. व्याज फ्लॅटच्या किमतीवर नाही, भरलेल्या रकमेवर मोजतात. म्हणून पावत्या आणि बँकेचा उतारा हाताशी हवा. रोखीने दिलेल्या, पावती नसलेल्या रकमेचा इथे उपयोग होत नाही. रोखीची सवय आपल्याकडे अजून सुटलेली नाही, हे खेदाने म्हणतो.

आता बिल्डर काय म्हणतो? पहिले म्हणजे, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पपूर्तीची तारीख पुढची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 च्या नीलकमल रिअल्टर्स निकालात हे निकाली काढले: उशीर मोजायचा तो ग्राहकाशी झालेल्या करारातल्या तारखेपासून. दुसरे, रेती मिळत नव्हती, मजूर गेले. नोंदणीची मुदत वाढवताना कायदा जी अटळ आपत्ती मानतो, त्यात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशी नावे आहेत. रेतीची टंचाई त्यात नाही.

मग पत्रांचा उपयोग काय? पुढे बिल्डर म्हणतो, "ग्राहकाने तोंडी मुदत वाढवून दिली होती." तुमचे लेखी स्मरणपत्र हा दावा मोडते. आदर्श करारनाम्यात सूचना कोणत्या पत्त्यावर आणि ईमेलवर पाठवायची, याचे कलम असते. त्याच पत्त्यावर पोचीसह पाठवलेले पत्र मिळाले असे धरले जाते, त्याने उघडले नाही तरी. आणि एक चूक टाळा: पत्रात "तुमच्या सोयीने द्या" असले नम्र वाक्य लिहू नका. तारीख लिहा, उशिराचे महिने लिहा, काय हवे ते लिहा.

तक्रार ऑनलाइन करायची, शुल्क पाच हजार. वकील सक्तीचा नाही. पण आधी प्रकल्प नोंदणीस पात्र आहे का, ते तपासा. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारती नोंदणीतून सुटतात आणि तालुक्याच्या गावी अशाच इमारती जास्त. तिथे बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाची वाट धरावी.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. बिल्डरने आदेश पाळला नाही तर पुन्हा अर्ज करावा लागतो. मग कलम 40 खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे येते आणि तिथून तहसील कार्यालयात. खरा उशीर इथेच होतो. महसूल खाते मिळकत शोधत बसते, आणि बिल्डर ती दुसऱ्याच्या नावे करून मोकळा होतो. तेव्हा तक्रार दाखल करतानाच त्याच्या नावावरचे सातबारे आणि मिळकत पत्रिका काढून ठेवा, आणि वसुलीपत्र आले की ती यादी तहसीलदारांना स्वतः नेऊन द्या.