साबणदाणीतला साका



आमच्या न्हाणीघरात हिरव्या प्लॅस्टिकची एक साबणदाणी आहे. वर जाळी, खाली पाणी साठायला तबकडी. गेल्या उन्हाळ्यात ती जाळी खालून अशी भरून आली, की भोकं कुठे होती ते नखाने शोधावं लागलं. शेजारी ब्रश ठेवायचा उभा स्टँड, त्याच्या तळाशी काळपट बुळबुळ. आणि चूळ भरायचा स्टीलचा पेला, त्याच्यावर पांढरी साय धरल्यासारखं काहीतरी. तिन्ही वस्तू एकाच फळीवरच्या, पण तिघांचा मळ वेगळा. हे मला उशिरा कळलं, आणि तोवर मी तिघांनाही एकाच घासणीने बडवत होतो.

सुरुवात पाण्यापासून करू. नाशिकमध्ये नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं. ते गोदावरीचं, पावसाचं, बरंचसं मऊ पाणी. उन्हाळ्यात मात्र आमच्या सोसायटीत टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. आपल्याकडच्या काळ्या कातळात मुरून ते येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणायचे, घरात आपण जड पाणी म्हणतो. साबण म्हणजे सोडियम आणि तेला-तुपातली आम्लं यांची जोडी. जड पाण्यात सोडियम सुटतो आणि त्याच्या जागी कॅल्शियम येऊन बसतो. ही नवी जोडी पाण्यात विरघळत नाही. मेणचट, करडी, चिकट. तिलाच साका म्हणतात.

हिशेब करून पाहिला तर चकित व्हायला होतं. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेलं पाणी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं, म्हणजे हे काही टोकाचं पाणी नव्हे. अशा एका लिटरमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून सुमारे पावणेदोन ग्रॅम साबणाचा साका करून टाकू शकतं. फेस त्याच्यानंतर. साबणदाणीच्या तबकडीत ओल्या वडीखाली हाच व्यवहार दिवसभर चालू असतो.

आता माझी फजिती. कुणीतरी सांगितलं, खाण्याचा सोडा पसरा आणि वरून व्हिनेगर ओता. ओतलं. फसफसून आलं, बघायला मजा वाटली, आणि जाळी होती तशीच राहिली. कारण आम्ल आणि सोडा एकमेकांनाच संपवतात. बुडबुडे विरले की खाली उरतं ते साधं खारवट पाणी. दोन्ही कामाची, पण एकत्र नव्हे, एकामागून एक. आणि हा क्रम उलटा चालत नाही.

पहिली पायरी आम्लाची. किराणा दुकानात लिंबाचं फूल म्हणून सायट्रिक ॲसिड मिळतं. पाव लिटर कोमट पाण्यात चहाचा एक सपाट चमचा पुरतो. साबणदाणी त्यात अर्धा तास बुडवून ठेवली. साक्यातलं कॅल्शियम आम्लाकडे गेलं आणि जाळीवरचा थर मऊ पडला, पण गेला नाही. ब्रश मारला तर पांढऱ्या चरबट कपच्या निघाल्या आणि ब्रशालाच चिकटल्या. बहुतेक लोक इथेच कंटाळून नवी साबणदाणी आणतात. खरं तर काम अर्धं झालेलं असतं. कॅल्शियम गेलं, मागे स्टिअरिक आम्लासारखी मेणचट आम्लं राहिली, आणि ती नुसत्या पाण्यात विरघळत नाहीत. फ्रान्समधल्या शेव्हरलने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साबणावर आम्ल टाकूनच ही आम्लं वेगळी काढली, आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅकबरोबर त्यांच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. तेव्हा जाळीला चिकटलेलं ते मेणबत्तीचंच भावंड म्हणायचं.

दुसरी पायरी धुण्याच्या सोड्याची. खाण्याचा नव्हे, तो फार सौम्य. आधी साबणदाणी धुऊन आम्ल काढून टाकायचं. मग अर्धा लिटर गरम, पण उकळतं नसलेल्या पाण्यात मोठा चमचाभर सोडा. हातात मोजे हवेत. साबणदाणी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा मुळीच नको, तो तिला खातो. आमच्या जाळीवर पंधरा मिनिटांत पाणी दुधाळ झालं, मोज्यातूनही बोटाला गुळगुळीत लागलं, आणि ब्रश फिरवल्यावर चक्क थोडा फेस आला. साक्याचा पुन्हा साबण झाला होता! हा फेस दिसला की समजावं, पायऱ्या बरोबर पडल्या.

मात्र एक चूक मी पहिल्यांदा केली. शेवटी बोअरच्या पाण्याने खळबळलं. त्या नव्या साबणाला पुन्हा कॅल्शियम भेटलं आणि वाळल्यावर जाळीवर राखाडी झाक आली. सोड्याचं पाणी आणि शेवटचं धुणं, दोन्हीला बोअर न मिसळलेलं नळाचं किंवा आरओ फिल्टरचं पाणी घ्यावं. एक तांब्या पुरतो.

ब्रशच्या स्टँडमध्ये साबण जातच नाही. ब्रशावरून ओघळलेलं पाणी आणि पेस्ट तळाशी साठते, आणि त्या ओलाव्यात जिवाणू-बुरशीचा थर वाढतो, कधी काळपट, कधी गुलाबी. इथे भांडी घासायचं लिक्विड घातलेलं गरम पाणी आणि बाटली धुवायचा लांब ब्रश, एवढ्याने भागतं. लिंबाचे थेंब टाकून पाहिले तर बुडबुडे येतात, पण त्यावरून पाण्याच्या क्षाराचा निष्कर्ष काढू नका. पुष्कळ पेस्टमध्ये चुनखडीचीच पूड असते. स्टँड वास मारत असेल तर ब्लीचचं पातळ पाणी दहा मिनिटं ठेवावं. मात्र आम्ल वापरलं असेल तर ते पुरतं धुऊन काढल्याशिवाय नाही. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो, आणि न्हाणीघराला खिडकी ती केवढी.

पेल्यावरची पांढरी साय मात्र पाण्याचीच. पाणी उडून गेलं, क्षार उरले. लिंबाचा थेंब टाकला की तिथे फसफसतं. नखाने खरवडल्यावर ते मेणासारखं वळत नाही, भुकटी होऊन निघतं. सायट्रिकच्या त्याच पाण्यात दहा मिनिटं, धुवायचं, पुसायचं, संपलं. संडास धुवायचं ॲसिड इथे नको. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा असतो तो त्याने फाटतो आणि टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. ब्लीचही स्टीलला तसंच वाईट. तारेची घासणीही नको, तिचे लोखंडी कण रुतून बसतात आणि आठवड्याने तपकिरी ठिपके उगवतात. काथ्या बरा. ठिपके आलेच तर सायट्रिकने निघतात. निघाल्यावर तिथे नख अडकलं, तर मात्र स्टील खाल्लं गेलंय, ते भरून येत नाही.

आमचा पेला स्वच्छ झाला. पण तो भिजत ठेवताना मी कडाप्प्याच्या फळीवर ठेवला होता, आणि भरलेला काठोकाठ. कडाप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. सांडलेलं पाणी बुडाखाली गेलं. त्या काळ्या फळीवर पेल्याच्या बुडाएवढं एक पांढुरकं वर्तुळ उठलं आहे, आणि घरच्यांनी पेला आता बरोबर त्याच्यावरच ठेवायला सुरुवात केली आहे.